पायरी निम्मी केल्यावर चूक निम्मी व्हावी की पाव?

प्रश्न : मी कोल्हापूरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या गुऱ्हाळात वाफ्यात ओतलेला गूळ कसा निवतो, याचं मॉडेल पायथनमध्ये करतोय. समीकरण T' = -k(T - 28), सुरुवात ११८ अंशांवर, k = 0.02 प्रति मिनिट. ऑयलर पद्धतीत चूक h² च्या प्रमाणात असते असं पुस्तकात आहे, म्हणून पायरीचा आकार h निम्मा केला की ५० मिनिटांनंतरची चूक पाव व्हायला हवी. माझी फक्त निम्मीच होते. कोड दहा वेळा तपासला. कुठं चुकतंय? आणि कोड बरोबर आहे हे दाखवायचं कसं?

उत्तर :

तुमचा कोड, निदान या लक्षणावरून तरी, चुकलेला नाही. पुस्तकही चुकलेले नाही. पुस्तकातील h² एका राशीविषयी आहे आणि तुम्ही ५० व्या मिनिटाला मोजलेली चूक ही दुसरीच राशी आहे. दोन्हींच्या नावांत ‘ट्रंकेशन एरर’ हे शब्द सारखे असल्यामुळे त्यांची सरमिसळ होते. मी कोल्हापुरात अनेक वर्षे संख्यात्मक पद्धती शिकवते आणि दरवर्षी निदान दोघे-तिघे नेमक्या याच जागी अडतात, म्हणून थोडे सावकाश लिहिते.

पहिली राशी म्हणजे लोकल ट्रंकेशन एरर. तिला मी खाली ‘स्थानिक चूक’ म्हणेन. पायरीच्या सुरुवातीला आपल्याकडे अगदी अचूक तापमान आहे असे मानायचे, पद्धतीने एकच पायरी टाकायची आणि त्या एका पायरीच्या शेवटी खऱ्या उत्तरापासून आपण किती ढळलो ते पाहायचे. दुसरी राशी म्हणजे ग्लोबल ट्रंकेशन एरर, म्हणजेच एकूण चूक. यात सुरुवातीचे ११८ अंश तेवढे अचूक असतात. त्यानंतरची प्रत्येक पायरी आपण स्वतःच काढलेल्या, आधीच किंचित चुकलेल्या तापमानापासून टाकतो आणि ठरलेल्या घड्याळी वेळेला, तुमच्या बाबतीत ५० व्या मिनिटाला, खऱ्या उत्तराशी तुलना करतो.

तुमच्याच समीकरणात दोन्ही मोजून पाहू. h पाच मिनिटांचा घेतला, तर पहिल्या पायरीनंतर ऑयलर पद्धत 118 - 5 × 0.02 × 90, म्हणजे १०९ अंश सांगते. खरे उत्तर 28 + 90·e^(-0.1), म्हणजे १०९.४३५४ अंश आहे. स्थानिक चूक ०.४३५४ अंश झाली. आता h अडीच मिनिटांचा घ्या. पद्धत ११३.५ अंश सांगते, खरे उत्तर ११३.६१०६ आहे, चूक ०.११०६. ती जवळपास पाव झाली, गुणोत्तर ३.९३. आणखी एकदा निम्मे केले की गुणोत्तर ३.९७ येते, त्यापुढे ३.९८. पुस्तकातील h² हाच आहे आणि तो तुमच्या कोडमध्येही बरोबर दिसतो. फक्त तो पाहण्यासाठी एकच पायरी टाकून थांबावे लागते. यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते, ती अशी की पहिली चूक पाचव्या मिनिटाची होती आणि दुसरी अडीचाव्या मिनिटाची. h बदलला की स्थानिक चूक मोजण्याची वेळच बदलते. तुम्ही मात्र दोन्ही वेळा ५० व्या मिनिटालाच मोजत होतात.

५० व्या मिनिटापर्यंत जायला पाच मिनिटांच्या दहा पायऱ्या लागतात आणि अडीच मिनिटांच्या वीस. प्रत्येक पायरीची चूक पाव झाली, पण पायऱ्या दुप्पट झाल्या. पावाची दुप्पट म्हणजे निम्मे. h चा एक घात इथे खर्च होतो, कारण पायऱ्यांची संख्या 50/h आहे. ऑयलर पद्धतीला पहिल्या ऑर्डरची पद्धत म्हणतात ते या एकूण चुकीवरून. ज्या पद्धतीची स्थानिक चूक h^(p+1) च्या प्रमाणात असते, तिची ऑर्डर p.

एवढे स्पष्टीकरण बहुतेक पुस्तके देतात, पण त्यात एक जागा झाकलेली राहते. स्थानिक चुकांची नुसती बेरीज होत नाही. आधीच्या पायरीत झालेली चूक पुढच्या प्रत्येक पायरीतून वाहत जाते आणि वाटेत तिचा आकार बदलतो. तुमच्या समीकरणात हे अगदी स्वच्छ दिसते. पाच मिनिटांच्या ऑयलर पायरीत कोणताही फरक ०.९ ने गुणला जातो. पहिल्या पायरीत झालेली ०.४३५४ अंशांची चूक उरलेल्या नऊ पायऱ्यांतून जाताना ०.९ च्या नवव्या घाताने, म्हणजे ०.३८७४ ने, आकसते आणि शेवटी तिचे ०.१६८७ अंश उरतात. शेवटच्या पायरीतील चूक आकसायला वेळच मिळत नाही, पण तोपर्यंत गूळ निवत आल्यामुळे ती मुळातच लहान, ०.१७७० अंश एवढी असते. मधल्या आठ पायऱ्यांचे उरलेले वाटे या दोन आकड्यांच्या मध्ये पडतात. दहाही वाटे मिळवले की १.७२८१ अंश होतात आणि तुमच्या कोडने ५० व्या मिनिटाला दाखवलेली चूक याच आकड्याची असायला हवी. आधी हा आकडा ताडून पाहा. तो जुळला तर ऑयलरच्या कोडविषयी शंका उरत नाही.

समीकरण वाढीचे असते, उदाहरणार्थ जिवाणूंच्या संख्येचे, तर सुरुवातीच्या चुका वाटेत आकसण्याऐवजी फुगल्या असत्या आणि एकूण चूक बरीच मोठी निघाली असती. तरीही h निम्मा केल्यावर ती निम्मीच झाली असती, कारण हे आकसणे किंवा फुगणे समीकरणावर आणि एकूण कालावधीवर ठरते, h वर फारसे नाही. मात्र h पुरेसा लहान असायला हवा. तुमच्या k साठी h जर १०० मिनिटांहून मोठा घेतला, तर ऑयलर पद्धतीचा गुणक -१ च्याही खाली जातो, उत्तर वरखाली झोके घेत वाढत जाते आणि ऑर्डरचा प्रश्नच उरत नाही.

पुस्तकांविषयी एक सूचना करते. काही पुस्तके स्थानिक चुकीला h ने भागून तिलाच लोकल ट्रंकेशन एरर म्हणतात. त्या व्याख्येत ऑयलरची स्थानिक चूकही h च्याच प्रमाणात येते आणि स्थानिक व एकूण या दोन्हींची ऑर्डर सारखी दिसते. दोन्ही व्याख्या प्रचारात आहेत आणि दोन्ही ग्राह्य आहेत. एका पुस्तकातील व्याख्या आणि दुसऱ्यातील निष्कर्ष एकत्र केले की मात्र एका घाताचा घोळ होतो. तेव्हा आपल्या पुस्तकात h ने भागले आहे की नाही, हे व्याख्येच्या ओळीत पाहून घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. खरी ऑर्डर मोजायची तर चूक कोणत्यातरी C·h^p सारखी आहे असे धरायचे. h निम्मा केला की चूक 2^p पटीने घटते. म्हणून दोन लागोपाठच्या चुकांच्या गुणोत्तराचा २ या पायाचा लॉगरिथम घेतला की p मिळतो. C माहीत असण्याची गरज पडत नाही. मी विद्यार्थ्यांना पुढील रचना देते. तीत पायरी टाकणारे फंक्शन वेगळे आणि पायऱ्या मोजणारे वेगळे ठेवले आहे, म्हणजे पद्धत बदलली तरी चाचणी तीच राहते.

```python
import math
k, T_end = 0.02, 50.0

def f(t, T):
    return -k * (T - 28.0)

def euler(f, t, T, h):
    return T + h * f(t, T)

def heun(f, t, T, h):
    s1 = f(t, T)
    s2 = f(t + h, T + h * s1)
    return T + h * (s1 + s2) / 2

def solve(step, f, T0, N):
    h, T = T_end / N, T0
    for n in range(N):
        T = step(f, n * h, T, h)
    return T

def table(step, f, exact):
    prev = None
    for N in (10, 20, 40, 80):
        e = abs(solve(step, f, 118.0, N) - exact)
        p = math.log2(prev / e) if prev else float("nan")
        print(N, round(e, 5), round(p, 3))
        prev = e

exact = 28 + 90 * math.exp(-k * T_end)
table(euler, f, exact)
table(heun, f, exact)
```

ऑयलरसाठी चूक अनुक्रमे १.७२८०९, ०.८४५४२, ०.४१८२३ आणि ०.२०८०२ अंश येते, तर p चे अंदाज १.०३१, १.०१५, १.००८. ह्यून पद्धतीसाठी, जिला आपल्याकडील बरीच पुस्तके मॉडिफाइड ऑयलर या नावाने शिकवतात, चूक ०.०५९५४, ०.०१४३३, ०.००३५१ आणि ०.०००८७ येते, तर p चे अंदाज २.०५५, २.०२७, २.०१४. p नेमका १ किंवा २ येत नाही याने बिचकू नका. C·h^p हे चुकीचे फक्त मुख्य पद आहे. त्यामागे h^(p+1) चे पद असतेच आणि h लहान होत जातो तसे ते मागे पडते. म्हणून एकटा आकडा न पाहता स्तंभाचा कल पाहावा. ०.०३१, ०.०१५, ०.००८ असे अंतर दर वेळी निम्मे होत एका पूर्णांकाकडे सरकते आहे, हीच खरी खूण आहे. केवळ दोन h घेऊन काढलेल्या एका गुणोत्तरावर मी कधीही विसंबत नाही. निदान चार h घ्यावेत.

वरील solve मध्ये मी पायऱ्यांची संख्या N ठरवून त्यावरून h काढला आहे, आणि वेळ `t = t + h` अशी साठवत न जाता `n * h` अशी घेतली आहे. हे सवयीचा भाग म्हणून केलेले नाही. अनेक जण `while t < T_end` असे वळण लिहितात. पायथनमध्ये शून्यात ०.१ दहा वेळा मिळवून पाहा, उत्तर १ येत नाही, 0.9999999999999999 येते. १ पर्यंत जायचे असेल, तर ते वळण थांबण्याऐवजी अकरावी पायरी टाकते आणि तुम्ही १.१ या वेळेचे उत्तर १ या वेळेच्या उत्तराशी ताडून पाहता. ही चूक एका पूर्ण पायरीएवढी, म्हणजे h च्या प्रमाणात असते, त्यामुळे चौथ्या ऑर्डरची पद्धतही पहिल्या ऑर्डरची वाटू लागते. शिवाय ती काही h ना होते आणि काहींना होत नाही, म्हणून p चा स्तंभ कोणत्याच आकड्याकडे न सरकता उड्या मारतो. p कधी ऋण, कधी सहा-सात असा दिसला, तर पद्धतीचे सूत्र तपासण्याआधी शेवटची वेळ छापून पाहावी. तुमच्या ५, २.५, १.२५ आणि ०.६२५ मिनिटांच्या पायऱ्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत अचूक मांडता येतात, म्हणून तुम्हाला हा त्रास अजून झालेला नसेल. उद्या h = 0.1 घेतलात की होऊ शकतो.

यानंतर जे सांगते आहे ते मी स्वतः उशिरा शिकले. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात चौथ्या ऑर्डरच्या रुंगे-कुट्टा पद्धतीचा कोड माझ्यापुढे आला. त्याची चाचणी y' = -y या समीकरणावर केलेली होती आणि p चा स्तंभ ४ कडे व्यवस्थित सरकत होता. मी तो मान्य केला. पुढे त्याच कोडने काळानुसार बदलणाऱ्या समीकरणाची उत्तरे काढली, ती पायरी बदलली की अपेक्षेपेक्षा फार हलू लागली. चारही टप्प्यांत `f` ला वेळ म्हणून `t` च दिलेला होता. `t + h/2` आणि `t + h` लिहायचे राहून गेले होते. y' = -y मध्ये उजव्या बाजूला t येतच नाही, त्यामुळे ती चाचणी या चुकीपुरती आंधळी होती. ती मान्य करण्याचा दोष माझा होता. तेव्हापासून ज्या समीकरणात t उघडपणे येत नाही, त्यावरची चाचणी मी अपुरी मानते.

तुमचे गुळाचे समीकरणही याच जातीचे आहे, कारण हवेचे तापमान तुम्ही २८ वर स्थिर धरले आहे. म्हणून चाचणीसाठी संध्याकाळची वेळ घ्या आणि हवा ५० मिनिटांत २८ वरून २६ अंशांवर एकसारखी उतरते असे माना. याचे अचूक उत्तर कागदावर काढता येते आणि ते समीकरणात घालून तुम्ही स्वतः पडताळू शकता.

```python
def g(t, T):
    return -k * (T - (28.0 - 0.04 * t))

exact_g = 30 - 0.04 * T_end + 88 * math.exp(-k * T_end)
table(heun, g, exact_g)
```

बरोबर लिहिलेल्या ह्यूनसाठी p पुन्हा २.०५५, २.०२७, २.०१४ असाच येतो. आता मुद्दाम `heun` मधील दुसऱ्या टप्प्यात `t + h` ऐवजी `t` लिहा आणि दोन्ही समीकरणे पुन्हा चालवा. पहिल्या समीकरणावर, जिथे हवा स्थिर आहे, एकही अंक बदलणार नाही. दुसऱ्यावर मात्र असे दिसेल.

```
10 0.12469 nan
20 0.04642 1.426
40 0.01944 1.256
80 0.0088 1.143
```

हा स्तंभ नीट वाचण्यासारखा आहे. पहिला अंदाज १.४२६ पाहून कोणी म्हणेल की ही पद्धत दीड ऑर्डरची असावी. तसे नाही. इथे दोन चुका एकावर एक बसलेल्या आहेत. दहा पायऱ्यांच्या उत्तरातील ०.१२४६९ पैकी ०.०५८२ अंश पद्धतीची स्वतःची, h² ची चूक आहे आणि ०.०६६५ अंश आपण घातलेल्या दोषाची, h ची. h निम्मा करत गेले की पहिली झपाट्याने संपते आणि दुसरी रेंगाळते. ऐंशी पायऱ्यांना पहिली ०.०००८५ उरते, तर दुसरी ०.००७९५. म्हणून p सावकाश उतरत १ कडे चालला आहे. निरोगी कोडमध्ये p अपेक्षित आकड्याच्या जवळ जात राहतो, दोष असलेल्या कोडमध्ये तो त्यापासून दूर सरकत राहतो. कोणी फक्त १० आणि २० पायऱ्या घेऊन थांबले, तर १.४२६ ला ‘जवळपास २’ समजून पुढे जाण्याचा मोह होऊ शकतो. तसेच, दोष असूनही उत्तर चुकीच्या ठिकाणी गेलेले नाही हेही लक्षात घ्या. h पुरेसा लहान घेतला तर ते खऱ्या उत्तराकडेच जाते, फक्त फार हळू. आलेख काढून डोळ्यांनी पाहिला असता तर हा दोष कधीही सापडला नसता.

h सतत निम्मा करत राहिल्यास एका टप्प्यावर निरोगी कोडचाही p बिघडतो, त्याचे कारण वेगळे आहे. साठ अंशांच्या आसपास पायथनच्या साध्या दशांश संख्यांमधील लगतचे अंतर सुमारे 7e-15 असते आणि प्रत्येक पायरीत तेवढ्या पातळीचे पूर्णांकन होते. ऑयलर किंवा ह्यूनला तिथवर पोहोचायला फार पायऱ्या लागतात. रुंगे-कुट्टाची चूक मात्र दर वेळी सोळा पटीने घटत असल्याने तुमच्या समीकरणात ६४० पायऱ्यांनाच ती 1.6e-12 अंशांवर येते. आणखी एक-दोन वेळा h निम्मा केला की पूर्णांकनाची चूक वरचढ होते आणि p विस्कटतो. तेवढ्या ओळी सोडून द्याव्यात. त्या पद्धतीविषयी काहीच सांगत नाहीत.

प्रत्यक्ष गुऱ्हाळात नेमके किती अचूक उत्तर येईल, हे तुमच्या मॉडेलवर अवलंबून राहील, h वर नाही. वाफ्यातील थराची जाडी, गूळ घोटण्याचा वेग आणि साखरेचे स्फटिक बनताना बाहेर पडणारी उष्णता यांमुळे k स्थिर राहीलच असे नाही, आणि ज्या क्षणी तुम्ही k ला तापमानावर अवलंबून कराल, त्या क्षणी अचूक उत्तर हातातून जाईल. अशा वेळी तीन लागोपाठची उत्तरे घ्यावीत. पहिल्या दोघांतील फरकाला पुढच्या दोघांतील फरकाने भागावे आणि त्याचा तसाच लॉगरिथम घ्यावा.

```python
a, b, c = (solve(euler, f, 118.0, N) for N in (10, 20, 40))
print(math.log2((a - b) / (b - c)))
```

तुमच्या मूळ समीकरणावर ही तीन उत्तरे ५९.३८११, ६०.२६३७ आणि ६०.६९०९ येतात. फरक ०.८८२७ आणि ०.४२७२, गुणोत्तर २.०६६ आणि p सुमारे १.०४७. अचूक उत्तर न वापरताही तोच निष्कर्ष मिळाला. पण या चाचणीची मर्यादा पक्की ध्यानात ठेवा. उत्तरे कोणत्यातरी आकड्याकडे योग्य गतीने जात आहेत, एवढेच ती सांगते. तो आकडा तुमच्या प्रश्नाचा आहे की नाही, हे तिला कळत नाही. `f` मध्ये ०.०२ ऐवजी चुकून ०.०३ लिहिले असते, तरी ऑर्डरचा स्तंभ निर्दोषच आला असता. म्हणून अचूक उत्तर असलेली एक चाचणी आधी आणि ही तीन उत्तरांची नंतर, असा क्रम मी ठेवते.

एक अडचण तुमच्या विषयात येण्याची शक्यता बरीच आहे. बाविसाव्या मिनिटाला गूळ घोटायला सुरुवात होते आणि त्या क्षणापासून k एकदम बदलतो, असे तुम्ही लिहिलेत, तर पाच मिनिटांची पायरी त्या क्षणावरून उडी मारून जाईल. ऑर्डरमागची टेलर श्रेणीची मांडणी उजवी बाजू पुरेशी गुळगुळीत आहे असे गृहीत धरते आणि तिथे ते गृहीतकच मोडते. ह्यूनचा p मग २ ऐवजी १ च्या आसपास, तोही वेडावाकडा, दिसू लागेल. हा कोडचा दोष नसतो. गणना बाविसाव्या मिनिटाला थांबवून तिथून नव्याने सुरू केली, म्हणजे पायरीची कड त्या क्षणावर आणली, की ऑर्डर परत येते.

तुमच्या अहवालासाठी मी असे सुचवेन की ऑयलर आणि ह्यून या दोन्हींचे तक्ते `f` आणि `g` अशा दोन्ही समीकरणांवर द्यावेत, कारण `g` चा तक्ता नसेल तर परीक्षकांनी मघाची शंका काढणे रास्त ठरेल. h निवडताना तुमचा तापमापक किती बारीक वाचतो तेही पाहा. तो एका अंशापर्यंत वाचत असेल, तर सव्वा मिनिटाच्या ऑयलरची ०.४२ अंशांची चूकही चालून जाईल आणि तिला `f` चाळीस वेळा काढावा लागेल. पाच मिनिटांच्या ह्यूनला तो वीसच वेळा काढावा लागतो आणि चूक ०.०६ अंशांच्या आत राहते.